दुपटीचा काळ काढताना या चुका टाळा : आधी ब्लँक वजा करा, मगच लॉग घ्या

नागपुरातील सूक्ष्मजीवशास्त्राच्या एका विद्यार्थिनीने प्लेट रीडरच्या तक्त्याचा स्क्रीनशॉट पाठवून विचारले, "सर, ३७ अंशांवर एलबी माध्यमात वाढवलेल्या ई. कोलायचा दुपटीचा काळ ५४ मिनिटे कसा येतो?" तिच्या वेलची ६००  नॅनोमीटरवरील रीडिंग ६०, ९०, १२० आणि १५० मिनिटांना अनुक्रमे ०.१३०, ०.१७०, ०.२५० आणि ०.४१० अशी होती. पहिल्या व शेवटच्या आकड्याच्या गुणोत्तरावरून तिने केलेले गणित बरोबर होते. चूक आकड्यांतच होती.

जीवाणू न घातलेल्या माध्यमाच्या, म्हणजे ब्लँकच्या, वेल बाराव्या स्तंभात होत्या आणि स्क्रीनशॉट घेताना नेमका तोच स्तंभ कापला गेला होता. त्यांची सरासरी ०.०९० होती. ती वजा केल्यावर ०.०४०, ०.०८०, ०.१६० आणि ०.३२० उरतात, म्हणजे ९० मिनिटांत तीन दुपटी आणि दुपटीचा काळ ३० मिनिटे.

द्रवाची खोली १ सेंटिमीटर नसल्याची दुरुस्ती केली नाही, तरी उत्तर बदलत नाही, कारण सर्व वजाबाकी केलेल्या रीडिंगना एकाच संख्येने गुणल्यास गुणोत्तर तेच राहते. ब्लँक मात्र प्रत्येक रीडिंगमध्ये बेरजेने मिळवला गेलेला असतो, आणि लॉग घेतल्यावर तो वेगळा काढता येत नाही. तक्ता पाहूनही हे ओळखता येते : वजा न केलेल्या रीडिंगची लागोपाठची गुणोत्तरे १.३१, १.४७, १.६४ अशी चढत जातात. या चढत्या क्रमाला अनेक जण वाढीपूर्वीची संथ अवस्था समजतात आणि तिथेच फसतात. वजाबाकीनंतर तिन्ही गुणोत्तरे २ येतात.

एक्सेलमध्ये A स्तंभात मिनिटे, C मध्ये वजाबाकी केलेले रीडिंग आणि D मध्ये त्याचा `LN` ठेवावा. या चार रीडिंग ४ ते ७ या ओळींत असतील, तर सूत्र असे :

```
=LN(2)/SLOPE(D4:D7,A4:A7)
```

ओळींची निवडही जपून करावी. सुरुवातीचे ०.१०० हे रीडिंग ब्लँक वजा केल्यावर जेमतेम ०.०१० उरते, तिथे ब्लँकमध्ये ०.००५ चा फरक पडला तरी निम्मा आकडा हलतो, म्हणून ते सोडून द्यावे. दुसऱ्या टोकाला, १८० मिनिटांचे ०.६४० वजाबाकीनंतर ०.५५० होते आणि गुणोत्तर १.७२ वर उतरते. वाढ मंदावल्याने किंवा दाट द्रवात रीडर कमी मोजत असल्याने असे होते. कारण कोणतेही असो, ती ओळ घेऊ नये.

वेळेचा स्तंभही तपासावा. अनेक यंत्रे वेळ सेकंदांत लिहितात, आणि दोन स्क्रीनशॉट जोडताना मधली एक ओळ सुटली, तर गुणोत्तर एकदम २ वरून ४ वर उडी मारते. आपल्याकडे मे महिन्यात वीज जाऊन यंत्र थांबले असेल, तर मात्र ही खूण विश्वासाची नाही. तेव्हा तापमानही घसरलेले असते, म्हणून खंडाच्या आधीच्या ओळीच वापराव्यात.