आजीच्या गाण्याचं रेकॉर्डिंग साफ करताय? या चुका टाळा

रात्री अकरा वाजता भाचीचा मेसेज आला: “मावशी, आजी रोबोटसारखी गातेय. काय करू?” सोबत एक फाइल होती.

फाइल ऐकली. आजी, म्हणजे माझी आई, लहानपणी कानावर पडलेलं एक गाणं म्हणत होती. कोणी तरी पाण्यात बुडून गावं तसा आवाज येत होता. शब्दांच्या मागे बारीक किणकिण चाललेली, आणि ‘स’, ‘श’ ही अक्षरं तर गायबच. पंख्याची घरघर मात्र बहुतेक गेली होती. भाची पंधरा वर्षांची आहे, काम मन लावून करते. पंखा घालवायचा ठरवला होता, तो तिने घालवला. त्याच्याबरोबर आजीही गेली, एवढंच.

ध्वनिसंपादन हा माझा रोजचा धंदा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिच्या लॅपटॉपसमोर बसलो. तिने Audacity वापरलं होतं. ते फुकट मिळतं आणि या कामाला पुरून उरतं. माझा पहिला प्रश्न होता, “मूळ फाइल कुठाय?”

मूळ फाइल सोडून फॉरवर्ड केलेल्या प्रतीवर काम

मूळ रेकॉर्डिंग होतं तिच्या आईच्या फोनमध्ये. ते मेसेजमधून व्हॉइस क्लिप म्हणून लॅपटॉपवर आलं, तिने साफ केलं, एमपीथ्री करून ठेवलं, पसंत पडेना म्हणून तीच एमपीथ्री पुन्हा उघडून पुन्हा साफ केली. असं तीनदा. दर वेळी फाइल लहान करताना बारीकसारीक तपशील कायमचे फेकले जातात, आणि त्यात पहिला बळी जातो तो श्वासांचा आणि ‘स’-‘श’सारख्या अक्षरांचा.

मूळ फाइल केबलने काढली. केबल नसेल तर ती डॉक्युमेंट म्हणून पाठवावी, म्हणजे आहे तशी पोचते. फाइल m4a होती. विंडोजवर ती Audacity मध्ये उघडायला FFmpeg नावाचं, असल्या फाइली वाचून देणारं फुकट साधन वेगळं बसवावं लागतं. इथेच कंटाळून बरेच जण ऑनलाइन कन्व्हर्टरकडे वळतात आणि आणखी एकदा दर्जा घालवतात. उघडल्याबरोबर WAV म्हणून जतन केली, म्हणजे पुढे काही फेकलं जात नाही. 3 मिनिटं 40 सेकंदांचं मोनो रेकॉर्डिंग, जेमतेम 20 एमबी. मूळ m4a वेगळ्या फोल्डरमध्ये टाकली आणि तिला हात लावायचा नाही असं ठरलं.

नमुन्यातच आजी होती

खरा घोटाळा इथे होता, म्हणून जरा थांबून सांगते.

Noise Reduction हे साधन दोन टप्प्यांत चालतं. आधी फक्त गोंगाट असलेला एक तुकडा निवडून Get Noise Profile दाबायचं. प्रोग्राम त्या तुकड्यातल्या प्रत्येक पट्टीत, म्हणजे खालच्या, मधल्या, वरच्या स्वरांत, गोंगाट किती जोरात आहे ते मोजून ठेवतो. मग सगळं गाणं निवडून तेच साधन पुन्हा लावायचं. ज्या पट्टीतला आवाज त्या मापाच्या आसपास किंवा खाली असेल तो दाबला जातो, वर असेल तो राहतो. म्हणजे सगळी भिस्त त्या छोट्याशा नमुन्यावर.

भाचीने सुरुवातीचे दोन सेकंद घेतले होते. “तिथे कोणी गात नाहीये ना,” ती म्हणाली.

तिला हेडफोन दिला आणि फक्त तेवढाच तुकडा पुन्हापुन्हा वाजवला. तिसऱ्या वेळी तिचा चेहरा बदलला. पंख्याच्या घरघरीखाली आजी तोंड मिटून गुणगुणत होती. गाणं सुरू करण्याआधी सूर पकडायची तिची सवयच आहे. आम्हा घरच्यांना ते ऐकूही येत नाही, इतकं ओळखीचं झालंय. लॅपटॉपच्या स्पीकरवर तर येणं शक्यच नव्हतं. ट्रॅकचं दृश्य Spectrogram वर नेलं, जिथे खालचे सूर खाली आणि वरचे वर असे दिसतात, तेव्हा दिसलंही: पंख्याचा सगळीकडे पसरलेला धुरकट पट्टा, आणि त्यात एकावर एक अशा चार-पाच आडव्या रेघा. पंखा अशा डुलत्या, समांतर रेघा काढत नाही, गळा काढतो.

म्हणजे भाचीने प्रोग्रामला सांगितलं होतं की आजीचा सूर हाच गोंगाट आहे. त्याने इमानेइतबारे तो सूर गाणंभर शोधून कापला.

नवा नमुना शोधायला जरा वेळ गेला. गाणं संपल्यानंतर दीड सेकंद शांतता होती, भाची “मस्त!” म्हणण्याआधीची. मोह तिथलाच झाला. पण फोन आवाजाची पातळी आपणहून वरखाली करतो. गाणारं माणूस थांबलं की तो कान टवकारतो, त्यामुळे शेवटच्या शांततेत पंखा फुगत जातो. तो नमुना घेतला तर गाण्याखाली पंखा आहे त्यापेक्षा मोठा मोजला जातो आणि गरजेपेक्षा जास्त कापाकापी होते. शेवटी दुसऱ्या ओळीनंतर एक जागा सापडली, जेमतेम पाऊण सेकंदाची, जिथे ना श्वास ना गुणगुण. अर्धा सेकंद निर्भेळ गोंगाट मिळाला तरी चालतं. भेसळीचे पाच सेकंद नकोत.

आकडे ताणणं

पहिल्या खेपेला भाचीने Noise reduction (dB), म्हणजे गोंगाट किती खोल दाबायचा, ते 30 वर आणि Sensitivity, म्हणजे किती आवाजाला गोंगाट समजायचं, ती 15 वर ठेवली होती. गोंगाट खूप, म्हणून आकडाही खूप, असा हिशोब. ती किणकिण यातूनच आली. पंख्याचा आवाज एकसारखा वाटला तरी क्षणोक्षणी थोडा कमीजास्त होतो. त्यातले जे कण मापाच्या वर उसळतात ते तसेच राहतात आणि आजूबाजूचं सगळं खोलवर दाबलेलं असल्याने अंधारात काजवे चमकावेत तसे एकेकटे ऐकू येतात.

आम्ही 8 dB वर आलो, Sensitivity 5, आणि Frequency smoothing, म्हणजे दाबणं शेजारच्या पट्ट्यांत किती पसरवायचं, ते 3. हे आकडे या रेकॉर्डिंगचे. तुमचे वेगळे येतील, पण 12 च्या पुढे जाताना दहादा विचार करा. पंखा गेला नाही. मागे सरकला.

आकडे कानाने ठरवायचे तर त्याच खिडकीत Residue नावाचा पर्याय असतो. तो निवडून Preview दाबलं की काय काढून टाकलं जाणार आहे तेवढंच ऐकू येतं. आधी भाचीचे जुने आकडे लावून ऐकवलं. कचऱ्याच्या टोपलीतून आजी गात होती, शब्द न शब्द कळत होता. भाची काहीच बोलली नाही. मग नवे आकडे: नुसती घरघर, आणि कडव्याच्या शेवटी एका लांबवलेल्या स्वराची पुसट सावली. Sensitivity 5 वरून 4 वर आणली तशी तीही गेली. काम झाल्यावर Residue वरून परत Reduce वर यायला विसरू नका. नाहीतर गाणं जाऊन हातात फक्त पंखा उरतो. माझं एकदा झालंय.

खालचा आवाज कापताना गळाही कापणं

फोन टेबलावर होता आणि आजी टेबलावर बोटांनी ताल धरत होती. प्रत्येक ठेक्याला फोनमध्ये धप्प. त्यावर भाचीने ठरवलेल्या आकड्याखालचे जाड आवाज कापणारा High-Pass Filter लावला होता, 250 हर्ट्झवर. धप्प गेलं, पण आवाज टिनाच्या डब्यातून आल्यासारखा झाला. Analyze मेन्यूतल्या Plot Spectrum मध्ये पाहिलं, तर आजीचा सर्वांत खालचा सूर 175 हर्ट्झच्या जवळपास होता. त्याच्या वर कात्री चालवली की छातीतला भरीवपणा जाणारच. आम्ही 90 वर ठेवला, आणि Roll-off, म्हणजे कापण्याचा उतार, 24 dB. ठेका थोडा ऐकू येतो, येऊ दे. तालच आहे तो.

ओळींमधल्या जागा कोऱ्या करणं

हा भाचीचा स्वतःचा शोध. दोन ओळींमधली प्रत्येक जागा निवडून तिने Silence Audio केलं होतं. दिसायला ट्रॅक अगदी स्वच्छ: गाणं, सपाट रेघ, गाणं, सपाट रेघ. ऐकताना मात्र आजी गायला लागली की पंखा सुरू, थांबली की पंखा बंद. सतत चालणारा पंखा कान दोन मिनिटांत विसरतो, असा ये-जा करणारा विसरत नाही. त्यात ओळीआधीचे श्वासही गेले होते, त्यामुळे प्रत्येक ओळ दचकवत सुरू व्हायची. मूळ फाइलमध्ये त्या जागा शाबूत होत्या, तशाच राहू दिल्या. एकाच ठिकाणी, जिथे दार आपटलं होतं, तिथे शेजारचा नुसत्या पंख्याचा तुकडा कॉपी करून बसवला आणि दोन्ही कडांना छोटंसं फेड दिलं.

आवाज मोठा करणं सगळ्यांत शेवटी, Amplify ने, शिखर −1 dB वर. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही.

जे दुरुस्त होत नाही

तिसऱ्या कडव्यात आजी वर चढते तेव्हा आवाज फाटतो. ते दृश्य मोठं करून पाहिलं तर लाटांचे माथे सुरीने कापल्यासारखे सपाट दिसत होते. फोन तोंडापासून वीतभर अंतरावर होता, तेवढा जोर त्याला पेलला नाही. हा गोंगाट नव्हे, तेव्हा Noise Reduction चा इथे उपयोग नाही. Clip Fix ने माथे अंदाजाने गोल केले, खरखर थोडी कमी झाली. दोन शब्द फाटलेलेच राहिले.

रविवारी भाचीने आजीला नवी फाइल ऐकवली, जुन्या रोबोटवालीनंतर लगेच. जुनी ऐकून आई म्हणाली, “ही कोण बाई?” नवी ऐकताना तिची बोटं टेबलावर चालू झाली. गाणं संपलं तरी थांबली नाहीत.

“चौथं कडवं राहिलंच की गं,” ती म्हणाली.

“चौथं आहे?” भाची फोन शोधायला उठली. “थांब आजी, आधी पंखा बंद करते, मग दहा सेकंद गप्प बस, मला नमुना हवाय. आणि फोन हातभर लांब ठेवू…”

आईचं तोंड मिटलेलं होतं, पण गुणगुण सुरू झाली होती.