क्रीडा शिक्षकाच्या मुलाखतीची तयारी: खो-खोचा नमुना पाठ

बी.पी.एड.च्या गुणपत्रिका, खेळाची प्रमाणपत्रं, ओळखपत्र आणि प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स आदल्या रात्रीच फाइलमध्ये लावून ठेवा. सोबत शिट्टी, खेळाचे बूट आणि पाठ टाचणाच्या तीन प्रती घ्या. खरी तयारी नमुना पाठाची लागते, कारण सुरक्षितता आणि समावेशन यांवरचे प्रश्न मुलाखतीच्या खोलीत विचारले जात असले तरी त्यांची निम्मी उत्तरं समितीने मैदानावरच पाहिलेली असतात.

पाठासाठी खो-खो निवडा. साहित्य जवळजवळ लागत नाही आणि मराठवाड्यात हा खेळ समजणारी माणसं समितीत असतातच. 2020 चा अर्जुन पुरस्कार मिळवणाऱ्या सारिका काळे धाराशिवच्याच. म्हणून नियम पक्के पाहिजेत. बसलेल्याच्या पाठीमागून, हाताचा स्पर्श आणि ‘खो’चा उच्चार दोन्ही करूनच खो द्यायचा, खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही, आणि उठलेल्याने मधली पाटी ओलांडायची नाही.

बहुतेक उमेदवार इथेच अडकतात: वर्गात 40 मुलं, मैदान एक, त्यात नऊ जण पाठलागाला, तीन जण पळतीला आणि उरलेली 28 मुलं कडेला बसून. समिती नेमकी ती बसलेली मुलं मोजते. त्यापेक्षा आठ-आठांचे पाच गट करा. फक्कीने दहा-बारा मीटरच्या पाच पाट्या आखा आणि दोन पाट्यांत सहा मीटर तरी अंतर ठेवा, नाहीतर शेजारच्या गटांतली पळणारी मुलं एकमेकांवर आदळतील. प्रत्येक पाटीवर पाच जण आलटून-पालटून विरुद्ध तोंडं करून बसतील, एक पाठलाग करेल, दोघं पळतील. खांब नसले तर टोकाला फक्कीचं वर्तुळ पुरतं. खूण म्हणून दगड ठेवू नका.

पंधरा मिनिटं मिळाली तर तीन मिनिटं शरीर गरम करायला, चार मिनिटं फक्त खो द्यायला, सहा मिनिटं खेळाला आणि दोन शिथिलीकरणाला द्या. खो देण्याच्या सरावात एकच गोष्ट शिकवा: तळहात पाठीवर टेकवायचा, ढकलायचं नाही. धक्का बसला की बसलेलं मूल तोंडावर पडतं. हे दिसताच शिट्टी वाजवून थांबवा, एका जोडीकडून बरोबर करून दाखवा आणि पुन्हा सुरू करा. चूक त्या जागी दुरुस्त केलेली समितीला हवी असते.

मुलांना मैदानात सोडण्यापूर्वी स्वतः एक फेरी मारा, आणि ती समितीसमोर मारा. आपल्या काळ्या रानात उन्हाळ्यात भेगा पडतात, त्यात पाय अडकून घोटा मुरगळतो. पावसात तीच माती निसरडी होते. सराटे आणि काचा वेचा. भेगा मोठ्या असतील तर पाट्या दुसरीकडे आखा आणि कारण सांगा.

‘दुपारी मूल चक्कर येऊन पडलं तर?’ हा प्रश्न इकडे ठरलेलाच. उत्तर क्रमाने द्या. सावलीत न्यायचं, कपडे सैल करायचे, अंगावर पाणी मारून वारा घालायचा. शुद्धीत असेल आणि नीट गिळत असेल तर थोडं थोडं पाणी किंवा ओआरएस. बरळत असेल, अंग तापलं असेल किंवा बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. 108 ला फोन, अंग गार करणं चालूच, मुख्याध्यापक आणि पालकांना निरोप. मार्चपासून मैदानी तास सकाळी घेण्याची मागणी मी करेन, हेही सांगा. घोटा मुरगळला तर चोळायचा नाही, बर्फ फडक्यात गुंडाळून लावायचा, हे आवर्जून बोला. गावाकडे अजून लगेच मालिश करतात.

समावेशनावर ‘सगळ्यांना समान संधी देईन’ हे वाक्य फार कानावर पडतं आणि त्याला फारसे गुण पडत नाहीत. दिव्यांग हक्क कायदा 2016 चा आहे आणि त्यात 21 प्रकार आहेत, एवढं माहीत असू द्या. पण उत्तर एका मुलावरून द्या. समजा, वर्गात एकाला ऐकू येत नाही. खो-खोत स्पर्श आहेच, त्यामुळे त्याला खो कळतो. अडचण शिट्टीची. तेव्हा शिट्टीसोबत लाल रुमाल उंच धरायचा आणि सगळ्या वर्गाला रुमाल दिसला की थांबायचं शिकवायचं. त्याने स्वतः खो देताना उच्चार स्पष्ट आला नाही तरी तासाला स्पर्श मान्य करायचा. सामन्याचा नियम वेगळा आहे, हे सगळ्यांना सांगून ठेवायचं. त्याला गुणलेखक करून बाजूला बसवणं म्हणजे समावेशन नव्हे, आणि समितीने खोदून विचारलं तरी यावर ठाम राहा.

मुलींच्या पाळीबद्दलही विचारतील. ‘आज नको’ म्हणणाऱ्या मुलीला चारचौघांत कारण विचारणार नाही. वर्गाच्या बाई किंवा मैत्रिणीमार्फत कळवण्याची सोय करेन. आणि जिला खेळायचं आहे तिला अडवणार नाही, असं सरळ सांगा.