घर बदलल्यावर आई-बाबांना नवा पत्ता कसा कळवावा

परदेशात येऊन मला सोळा वर्षे झाली आणि या काळात मी पाच वेळा घर बदलले. नव्याने आलेल्यांपैकी बहुतेकांना पहिल्या दोन-तीन वर्षांत किमान एकदा तरी घर बदलावेच लागते, कारण पहिले घर घाईत, फोटो पाहून किंवा कुणाच्या तरी ओळखीने घेतलेले असते. सामान कसे हलवायचे आणि करार कसा तपासायचा हे सांगणारे पुष्कळ भेटतात. आई-बाबांना नवा पत्ता कसा कळवायचा, हे मात्र कुणी सांगत नाही, कारण त्यात सांगण्यासारखे काही आहे असे कुणाला वाटत नाही. मलाही वाटले नव्हते.

दुसऱ्यांदा घर बदलले तेव्हा मी फोनवर बाबांना पत्ता सांगितला, त्यांनी तो वहीत उतरवून घेतला आणि विषय संपला. काही महिन्यांनी त्यांनी माझी जुनी प्रमाणपत्रे आणि आईने विणलेला स्वेटर टपालाने पाठवला. पार्सल माझ्या शहरात पोहोचल्याचे संगणकावर दिसत होते, पण ते माझ्या दारापर्यंत आले नाही आणि पुढे पत्ता अपुरा असल्याचा शेरा घेऊन परत फिरले. घरी परत आलेल्या खोक्याचा फोटो बाबांनी पाठवला तेव्हा उलगडा झाला. माझा घरक्रमांक चौदा होता. बाबांनी पत्त्याची अक्षरे इंग्रजीत लिहिली होती, पण आकडा सवयीने मराठी पडला होता: १४. मराठी एक हा इंग्रजी नऊसारखा दिसतो आणि मराठी चार हा इंग्रजी आठसारखा, त्यामुळे तिकडच्या पोस्टमनने तो आकडा अठ्ठ्याण्णव असा वाचला. आमच्या रस्त्यावर अठ्ठ्याण्णव क्रमांकाचे घरच नव्हते. मराठी सात हाही असाच इंग्रजी सहासारखा दिसतो. चूक बाबांची नव्हती, पत्ता तोंडी सांगणाऱ्या माझी होती.

तेव्हापासून मी पत्ता कधीही फोनवर सांगत नाही. तो टंकलिखित स्वरूपात पाठवते आणि आई-बाबांना त्याच्या आठ-दहा चिठ्ठ्या जवळच्या दुकानातून छापून घ्यायला सांगते. चिठ्ठी खोक्यावर डकवली की हस्ताक्षराचा प्रश्नच उरत नाही. एक चिठ्ठी खोक्याच्या आतही ठेवायला सांगते, म्हणजे वरची निघून गेली तरी आतली वाचून पार्सल पुढे जाऊ शकते. जुन्या पत्त्याची वहीतली नोंद नुसती खोडून भागत नाही. ते पान फाडायला आणि मोबाइलमध्ये साठवलेला जुना पत्ता पुसायला मी आवर्जून सांगते, कारण दोन पत्ते शेजारी राहिले की कधीतरी चुकीचा उचलला जातोच.

पत्त्यातल्या ओळींचा क्रम आई-बाबांना चमत्कारिक वाटतो आणि चांगल्या हेतूने ते तो दुरुस्त करू पाहतात. भारतात १९७२ पासून सहा आकडी पिन कोड आहे आणि तो गावाच्या नावानंतर लिहिण्याची त्यांना सवय असते. जर्मनीत मात्र पोस्टाचा क्रमांक शहराच्या आधी येतो आणि घराचा क्रमांक रस्त्याच्या नावानंतर. अमेरिकेत घराचा क्रमांक आधी, मग रस्ता, आणि पाच आकडी कोड राज्याच्या नावानंतर. ब्रिटनमध्ये कोडमध्ये अक्षरे आणि आकडे मिसळलेले असतात, त्यामुळे इंग्रजी ओ हे अक्षर आणि शून्य यांत गफलत होते. म्हणून पत्ता पाठवताना मी खाली स्पष्ट लिहिते की ओळींचा क्रम बदलू नका, काही गाळू नका आणि काही जोडू नका. फक्त शेवटच्या ओळीत देशाचे नाव इंग्रजी मोठ्या अक्षरांत हवे, कारण भारतातल्या टपालखात्याला सर्वांत आधी तेवढेच वाचायचे असते.

माझे तीन ओळींचे पत्ते पाहून बाबा दर वेळी विचारतात, "आणि खूण? कशाच्या समोर, कशाच्या मागे?" त्यांच्या दृष्टीने खुणेवाचून पत्ता अपुरा असतो. पार्सलवर खूण लिहून उपयोग नाही, उलट गोंधळ होतो. त्यांच्या मनासाठी मात्र ती लागते, म्हणून ती मी पत्रात वेगळी देते. शहरांतल्या मोठ्या इमारतींबद्दल आणखी एक गोष्ट कळवावी लागते. काही देशांत दारावर फ्लॅटचा क्रमांक नसतो, टपालपेटीवर आणि घंटेवर आडनाव असते आणि पोस्टमन तेच पाहून पत्र टाकतो. अशा ठिकाणी तुम्ही दुसऱ्या कुणाच्या घरात खोली घेऊन राहत असाल, तर पेटीवर तुमचे आडनाव चिकटवेपर्यंत पत्ता कळवूच नका. घरी लाडाचे नाव लिहायची सवय असेल, तर पार्सलवर पारपत्रातलेच नाव हवे हेही सांगा.

मजल्याचाही असाच घोळ होतो. भारतात आणि ब्रिटनमध्ये तळमजल्याच्या वरचा मजला पहिला, तर अमेरिकेत तळमजलाच पहिला. मी आईला "तिसऱ्या मजल्यावर आहे" असे सांगितले आणि ती गुडघ्यांच्या काळजीने जिने मोजू लागली. तेव्हापासून मी मजल्याचा क्रमांक न सांगता "रस्त्यापासून दोन जिने चढायचे" असे सांगते.

आता मूळ मुद्दा, म्हणजे त्यांचा धीर. घर बदलल्याची बातमी ऐकताच आई-बाबांच्या मनात पत्ता येत नाही, कारण येते. मालकाने काढले का, पैशांची ओढाताण आहे का, कुणाशी भांडण झाले का, हे प्रश्न ते विचारत नाहीत, पण मनात ठेवतात. म्हणून पहिल्याच वाक्यात कारण लिहावे आणि ते खरे असावे. नवीन घराची एखादी उणीवही स्वतःहून सांगावी. सगळेच छान आहे असे लिहिले की आई हमखास म्हणते, "काहीतरी लपवते आहेस." मागच्या वेळी मी त्यांना जे लिहिले, त्यातला भाग देते:

"ती. आई-बाबांस सा. न. जुन्या घराचा करार या महिन्यात संपत होता आणि तो पुढे वाढवण्यापेक्षा कार्यालयाजवळ यावे असे मी ठरवले. पूर्वी जायला पन्नास मिनिटे लागत, आता चालत पंधरा लागतात, म्हणून हिवाळ्यात अंधारात गाडीची वाट पाहावी लागणार नाही. घर आधीपेक्षा लहान आहे आणि स्वयंपाकघराला खिडकी नाही, एवढीच अडचण. इमारतीच्या मुख्य दाराला कुलूप असते आणि माझ्या दाराला वेगळे. जादा किल्ली माझ्या कार्यालयातल्या मैत्रिणीकडे आहे, तिचा क्रमांक खाली दिला आहे. शुक्रवारी रात्रीपासून साधारण मंगळवारपर्यंत नव्या घरी इंटरनेट नसेल. तेवढे दिवस मी मोबाइलवरून तुमच्या सकाळी आठ वाजता फक्त दोन मिनिटे बोलेन, चित्र दिसणार नाही. त्यामुळे दिसले नाही तर काळजी करू नका."

शेवटची तीन-चार वाक्ये कधीही गाळू नका. सामान हलवण्याच्या धांदलीत इंटरनेट जोडायला काही दिवस जातात, नेहमीचा व्हिडिओ कॉल होत नाही, आणि आई-बाबांच्या सर्वांत वाईट रात्री याच असतात. नवे घर वेगळ्या कालविभागात असेल, तर वेळ नेहमी त्यांच्या घड्याळाप्रमाणे लिहावी. भारतात घड्याळ कधी पुढे-मागे होत नाही. युरोपात ते मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलते, तर अमेरिकेत बहुतेक ठिकाणी मार्चचा दुसरा आणि नोव्हेंबरचा पहिला रविवार असतो. घर बदलणे त्याच सुमारास आले, तर एका तासाचा फरक घर बदलल्यामुळे पडला असे त्यांना वाटू शकते.

पत्त्याबरोबर दूरध्वनी क्रमांक देताना बहुतेक जण एक चूक करतात आणि मीही करत आले होते. "काही झाले तर पोलिसांचा क्रमांक अमुक" असे सांगून तीन आकडी क्रमांक दिला जातो. भारतातून ११२ लावले की भारतातल्याच आपत्कालीन कक्षात फोन जातो, मग तुम्ही युरोपात ११२ वापरत असा वा नसा. तीन आकडी क्रमांक सीमा ओलांडत नाहीत. आई-बाबांना द्यायचा असतो तो तुमच्या भागातल्या पोलीस ठाण्याचा पूर्ण लांबीचा क्रमांक, आरंभी अधिकचे चिन्ह आणि देशाचा कोड लावून. अनेक देशांत स्थानिक क्रमांकाच्या आरंभीचे शून्य देशाचा कोड लावल्यावर गळते, इटलीत ते गळत नाही. म्हणून तो तुम्हीच योग्य रूपात लिहून द्या. मैत्रिणीचा क्रमांक दिला असेल, तर तुम्ही फोनवर असतानाच बाबांना तो एकदा लावायला सांगा. एकदा लागलेला क्रमांक अडचणीच्या वेळी हात न थरथरता लावता येतो.

जुन्या पत्त्यावर येणारे टपाल नव्या पत्त्यावर वळवण्याची सोय अनेक देशांत असते, पण ती मुदतीची असते आणि खासगी कुरिअरला लागू होत नाही. ती सोय केली असली तरी आई-बाबांना तसे सांगू नये असे माझे मत आहे, कारण "जुन्यावर पाठवले तरी मिळेल" ही समजूत मुदत संपल्यावरही टिकून राहते.

आई-बाबांच्या व्हिसाचा अर्ज चालू असेल, तर मात्र घाई करावी लागते. अर्जात आणि तुमच्या निमंत्रणपत्रात राहण्याचा पत्ता जुना असतो आणि ते उतरतील तेव्हा तुम्ही तिथे नसता. अर्ज अजून दाखल झालेला नसेल, तर दोन्ही कागद नव्या पत्त्याने पुन्हा करावेत. झाला असेल, तर बदल कळवण्याची त्या कार्यालयाची रीत पाहून कळवावा आणि नव्या कराराची प्रत आई-बाबांच्या हातपिशवीत ठेवावी, कारण विमानतळावर अधिकाऱ्याने "कुठे राहणार" असे विचारले तर त्यांनी दाखवायचा कागद तोच. भारतातल्या बँकेत तुमचे अनिवासी खाते असेल, तर तिथला परदेशी पत्ता तुम्ही स्वतः बदला. वडिलांना शाखेत पाठवले तर बहुधा त्यांना नुसतेच परत यावे लागते, कारण सही तुमची लागते.

आणि एक शेवटचे काम. घर लागल्यावर एकदा व्हिडिओ कॉल लावा आणि तो दिवाणखान्यातून सुरू न करता रस्त्यावरून सुरू करा: रस्त्याच्या नावाची पाटी, इमारतीचे दार, टपालपेटीवरचे तुमचे नाव, मग जिने, मग कुलूप. मी असे केले तेव्हा बाबांनी मध्येच थांबवून विचारले, "पेटीवर चौदा लिहिले आहे ना, नीट दाखव." मी कॅमेरा जवळ नेला आणि तो आकडा त्यांनी स्वतः मोठ्याने वाचून घेतला.