दिवाळीचं विमान: रेल्वेच्या ६० दिवसांआधी

पुण्या-मुंबईहून दिवाळीला नागपूरला जायचं असेल, तर विमानाचं तिकीट साधारण ७० ते ८० दिवस आधी काढा. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. सणाच्या गाड्या भराभर वेटिंगला गेल्या की ती गर्दी विमानाकडे वळते आणि स्वस्त जागा संपतात. भाऊबीजेनंतरच्या रविवारचं परतीचं तिकीट तर आधी घ्या. सगळे त्याच दिवशी परततात.

चौघांचं भाडं बघताना एकाचंही बघा. स्वस्त दराच्या दोनच जागा उरल्या असतील, तर चौघांना मिळून वरचा दर लागतो. अशा वेळी दोन-दोन तिकिटं वेगळी काढा. मात्र पीएनआर वेगळे होतात, लहान मूल मोठ्यांसोबतच ठेवा.