सुक्या मासळीचा डबा: पाऊस यायच्या आत ऊन द्या, अमोनियाचा वास आला तर काय टाकायचं

मे संपत आला. मुंबई-ठाण्यात मोसमी पाऊस साधारण 11 जूनला येतो, पण वळीव त्याची वाट बघत नाही. आगोटची मासळी घेऊन पिशवी तशीच स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवली असेल, तर ती आजच उघडा. उद्या ढग आले की हातातली संधी गेली.

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, म्हणून कोळीवाड्यांत, आगरी घरांत आणि आता सोसायट्यांतही दोन-तीन महिन्यांची बेगमी होते. ती बिघडते जुलै-ऑगस्टमध्ये, पण चूक झालेली असते मे महिन्यात. बाजारातून आणलेली मासळी घरचं ऊन न देता सरळ डब्यात भरली जाते. विकणारी कोळीण खोटं बोलते असं नाही. तिनं सुकवली तेव्हा ती कडकच असते. पण गोणीत, टेम्पोत आणि खाडीच्या दमट हवेत ती पुन्हा ओल धरते, आणि ही ओल वरून हाताला कळत नाही.

घरी आणल्यावर
- निवडून काटेकचरा काढा
- दोन कडक उन्हं द्या, रात्री घरात घ्या
- गच्ची नसेल तर सुकट, जवळा, सोडे कढईत मंद आचेवर परता
- पूर्ण गार झाल्यावरच झाकण लावा
- खारी आणि बिनमिठाची मासळी वेगळ्या डब्यांत ठेवा

शेवटची ओळ बहुतेकजण वाचून सोडून देतात. म्हणून घणसोलीतल्या एका घरात उघडलेल्या डब्याचं सांगतो. दहा लिटरचा प्लास्टिकचा डबा होता. तळाला सुकट, मधे बोंबील, वर खारा बांगडा. सगळं मे महिन्यात एकाच दिवशी भरलेलं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात झाकण काढलं आणि डोळ्यांत पाणी आलं, मुतारीसारखा वास.

बिघाडाची सुरुवात वरच्या थरापासून होती. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या आसपास पोहोचली की मीठ हवेतलं पाणी ओढायला लागतं, आणि आपल्याकडे जुलैत बहुतेक दिवस ती याच्या वरच असते. घरात कालवणासाठी डबा वरचेवर उघडला जात होता. दर वेळी आत शिरलेली दमट हवा बांगड्याच्या मिठानं शोषली. शिवाय खारी मासळी कितीही सुकवली तरी बोंबलापेक्षा ओलीच असते. बंद डब्यात ओल जास्तीकडून कमीकडे सरकते, त्यामुळे बांगड्याचं पाणी बोंबलात आणि सुकटीत उतरलं. मिठात बांगडा थोडाफार टिकला असता. बोंबलाला मिठाचा आधार नव्हता, तो आधी कुजला.

ओल मिळाली की जिवाणू मासळीतली प्रथिनं फोडतात आणि त्यातून अमोनिया सुटतो. आता लोक काय करतात? ऊन पडलं की मासळी गच्चीवर पसरतात, वास उडतो, आणि संध्याकाळी कालवण. वास उडतो हे खरं, पण सडलेलं मांस उन्हानं परत चांगलं होत नाही. चिंच-कोकमाचंही तेच आहे. आंबटात अमोनिया बांधला जातो म्हणून नाकाला कळत नाही, एवढंच.

टाकायचं की ठेवायचं, हे असं ठरवा. डबा उघडल्यावरच्या पहिल्या भपक्यावर निकाल देऊ नका, कारण बंद डब्यात थोडा वास साठतोच. मासळी सावलीत कागदावर अर्धा तास पसरा. मग चार-पाच तुकडे अर्धी वाटी कोमट पाण्यात दहा मिनिटं झाकून ठेवा आणि झाकण काढून हुंगा. नुसता मासळीचा वास आला तर ठीक. नाकात झोंबलं तर तो सगळा थर टाका, निवडत बसू नका. बोंबील कडकन तुटायला हवा. तो रबरासारखा वाकत असेल, सुकटीचे गोळे झाले असतील किंवा बोटाला चिकट लागत असेल, तर कोमट पाण्याचीही गरज नाही, सरळ टाका. खाऱ्या मासळीवर गुलाबी-लालसर डाग किंवा बुळबुळीत थर दिसला तरी टाका.

त्या डब्यातलं तिन्ही टाकावं लागलं. बांगड्याच्या गालफडापाशी गुलाबी झाक होती, बोंबील वाकत होते, सुकटीचा गोळा झाला होता. त्याच घरात वेगळ्या पिशवीत मुशी होती. तिलाही अमोनियाचा वास होता, पण ती ठेवली. मुशी आणि पाकट यांच्या मांसात मुळातच युरिया असतो, त्यामुळे नीट सुकवलेल्या मुशीलाही थोडा वास येतो. ती कडक आणि कोरडी असेल आणि पाणी दोनदा बदलून भिजवल्यावर वास उतरत असेल तर चालते. नरम पडली असेल तर तीही गेली.

बांगडा, तारली, सुरमई यांच्याबाबतीत मात्र नाकावर भरवसा ठेवू नका. सुकवण्याआधी ही मासळी उन्हात पडून राहिली असेल तर तिच्यात हिस्टामिन तयार होतं. त्याला वास नसतो आणि शिजवून ते जात नाही. खाल्ल्यावर ओठ-जीभ चुरचुरली, चेहरा लाल झाला, अंगावर गांधी उठल्या किंवा डोकं ठणकलं, तर उरलेलं ताट बाजूला ठेवा आणि डॉक्टर गाठा.

आता दुकानदारांचं. ओलावा शोषणाऱ्या पुड्या हल्ली सगळीकडे विकतात. पाच ग्रॅमची पुडी फार तर दीड-दोन ग्रॅम पाणी धरते. दोन किलो बोंबलात पाच टक्के जादा ओल असेल तर ते शंभर ग्रॅम पाणी झालं. हिशेब तुम्हीच करा. धान्यातल्या किडीची गोळी मासळीच्या डब्यात कुणी सुचवली तर त्या दुकानात पुन्हा जाऊ नका. ओल लागताच ती विषारी वायू सोडते, आणि त्यानं घरातली माणसं दगावतात. विक्रीसाठी पोत्यानं साठा करणाऱ्यांना कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेचा उपाय पुरेसा आहे: 3 भाग कॅल्शियम प्रोपिओनेट, 27 भाग बारीक मीठ, 10 किलो सुक्या मासळीवर 1 किलो मिश्रण भुरभुरायचं, शिजवण्याआधी धुवायचं. घरच्या दोन किलोला याची गरज नाही.

माझा एक अंदाज, पुस्तकात नाही. कोरड्या काचेच्या बाटलीत अर्ध्यापर्यंत सुकट आणि दोन चमचे कोरडं जाडं मीठ घालून हलवा, पंधरा मिनिटं थांबा. मीठ काचेला चिकटलं तर अजून एक ऊन हवं. धान्याला हीच युक्ती करतात, सुकटीलाही मला ती बरी वाटली आहे.

फ्रीझरमध्ये ठेवणार असाल तर एका कालवणाएवढ्या पुड्या करा. बाहेर काढलेली पुडी खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा, नाहीतर गार मासळीवर हवेतलं पाणी जमतं. जूनपासून डब्यात ओला हात नको, आणि दर पंधरवड्याला हुंगून बघा.

टाकलेली बिनमिठाची मासळी नारळाच्या बुंध्यापासून तीन-चार फुटांवर दीड फूट खोल पुरा, कुत्री उकरणार नाहीत अशी. खारी मासळी झाडाला घालू नका, मिठानं मुळं जळतात. रिकाम्या डब्याच्या झाकणातली रबरी रिंग काढून साबणाच्या गरम पाण्यानं वेगळी धुवा आणि उन्हात वाळवा. वास तरीही राहिला तर डबा मासळीसाठी पुन्हा वापरू नका, कारण पुढचा बिघाड त्यात नाकाला कळणार नाही.