बंगळुरात भाड्याचं घर बघताना

पुण्या-नागपूरहून नोकरीसाठी बंगळुरात आलेली मंडळी शनिवारी दुपारी चार घरं बघतात आणि संध्याकाळी टोकन देऊन मोकळी होतात. दुपारी कुठलंही घर बरंच दिसतं: ऊन असतं, टाकी भरलेली असते आणि शेजारी ऑफिसात किंवा झोपलेले असतात. म्हणून आवडलेलं घर पुन्हा एकदा सकाळी सात-आठच्या सुमारास बघा. सगळी बिल्डिंग तेव्हा अंघोळीला लागलेली असते, त्यामुळे पाण्याचं खरं रूप तेव्हाच कळतं.

पाण्यापासूनच सुरुवात करा. इथे कावेरीचं पाणी खालच्या संपात, म्हणजे जमिनीखालच्या टाकीत येतं, तिथून पंपाने गच्चीवरच्या टाकीत जातं. टाकी जितकी उंच तितका नळाला जोर, साधारण दहा मीटरला एक बार. म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर, जिथे हवा-उजेड सुरेख असतो, तिथेच पाण्याला जोर सगळ्यात कमी.

सोलापूरहून आलेल्या एका जोडप्याबरोबर मी असाच चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट बघायला गेलो होतो. बाथरूममध्ये १० लिटरची बादली भरायला अडीच मिनिटं लागली, म्हणजे मिनिटाला चारच लिटर. एकच नळ मंद असता तर तोंडाची जाळी क्षाराने चोंदलीय म्हणून सोडून दिलं असतं. पण सगळेच नळ तसे होते, आणि स्वयंपाकघरातला सोडला की बाथरूमची धार निम्मी व्हायची. टाकी अगदी डोक्यावर, त्यात पाइप आतून अरुंद झालेले. यावर उपाय प्रेशर पंप. मालक तो बसवायला तयार झाला, तेव्हा तसं करारात लिहून घेतलं आणि मगच टोकन दिलं. माझ्या मते मिनिटाला आठ-दहा लिटर मिळालं तर तक्रार करू नये.

पाणी कावेरीचं की बोअरवेलचं, हेही विचारा. उत्तर नळच देतो: तोंडाशी पांढरा थर आणि हाताला साबणाचा फेस येत नसेल तर बोअरचं जड पाणी आहे. गिझरचं वाटोळं त्यानेच होतं. २०२४ च्या मार्चमध्ये शहरात पाण्याचे हाल झाले तेव्हा टँकरवर जगणाऱ्या सोसायट्यांनी भाडेकरूंकडून वेगळे पैसे मागितले, म्हणून टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये धरलाय का, तेही आताच ठरवा.

ओल शोधायची ती भिंतीच्या मधोमध नाही. बाथरूमला लागून असलेली बेडरूमची भिंत, कपाटाचा मागचा भाग, खिडकीच्या खालचा पट्टा आणि शेवटच्या मजल्यावर छताचे कोपरे बघा. रंगाचे पोपडे, पांढरी पूड, कुबट वास या उघड खुणा झाल्या. मला जास्त संशय येतो तो सगळ्या खोलीत फक्त एकाच जागी दिलेल्या ताज्या रंगाचा. हात लावून बघा, आजूबाजूपेक्षा गार लागला तर आत पाणी आहे. ओल उन्हाळ्यातही तशीच राहत असेल तर ती पाइपची किंवा वरच्या बाथरूमची असते, आणि वरच्या घरमालकाला हलवणं तुमच्या मालकाच्याही हातात नसतं. असं घर भाडं कमी केलं तरी मी घेणार नाही. पावसाळी ओल असेल तर बाहेरून दुरुस्ती होऊ शकते. ओलसर भिंतीवर स्विचबोर्ड असेल तर मात्र आधी तो दुरुस्त झालाच पाहिजे.

हवेसाठी उदबत्ती पुरते. समोरासमोरच्या खिडक्या उघडा आणि धूर कुठे जातो ते बघा. बिल्डिंगी इथे कधीकधी हातभर अंतरावर असतात. खिडकी मोठी, पण समोर भिंत, मग धूर खोलीतच घुटमळतो. खिडकीला मच्छरजाळी नसेल तर संध्याकाळी ती बंदच राहणार, हे गृहीत धरा.

मोबाइलची रेंज हॉलमध्ये बघू नका. आतल्या बेडरूममध्ये जाऊन दार लावा आणि घरी फोन करून दोन मिनिटं बोला. अँड्रॉइडच्या सिम स्टेटसमध्ये आकडा दिसतो: फोर-जीवर -९० च्या आसपास असेल तर चांगलं, -११० च्या खाली गेला की बोलणं तुटतं. नवरा-बायकोची कंपनी वेगळी असेल तर दोन्ही सिम तपासा.

शेजाऱ्यांबद्दल मालक गोडच बोलणार. वॉचमनला विचारा की वर कोण राहतं आणि आधीचा भाडेकरू किती दिवस राहिला. मालक त्याच बिल्डिंगीत खाली राहत असेल तर मांस-मच्छी, रात्री येण्याची वेळ आणि पाहुणे, हे तिन्ही विषय स्पष्ट बोलून घ्या. संकोच वाटतो, पण नंतर जिन्यात रोजची कुरबुर नको.

घर घ्यायचं ठरलं की सामान हलवण्याआधी भिंती, छत आणि नळांचे फोटो काढून मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवा. सोडताना इथे रंगाचे म्हणून डिपॉझिटमधून बहुधा एका महिन्याचं भाडं कापतात. त्याशिवाय जुन्या ओलीचे पैसे तुमच्या नावावर लागू नयेत, यासाठी हे फोटो लागतात.