नवा टॅटू सुजलाय, फुगलाय, पाझरतोय? या चुका टाळा

टॅटू केल्यानंतरच्या काही आठवड्यांत लोकांकडून दोन उलट्या चुका होतात. जे आपोआप बरं होणार असतं त्यावर मलमांचा मारा केला जातो आणि जे डॉक्टरांना दाखवायला हवं ते ‘अजून भरतंय’ म्हणत अंगावर काढलं जातं. याचं कारण सरळ आहे. भरणारी जखम, जंतुसंसर्ग आणि शाईची ॲलर्जी या तिन्हींत लाली असते, सूज असते, खाज असू शकते. त्यामुळे लक्षणांची यादी घेऊन बसलं तर डोकं अधिकच गरगरतं. त्यापेक्षा दोन गोष्टी पाहाव्यात: त्रास कितव्या दिवशी सुरू झाला आणि त्याची हद्द कुठे आहे. लाली टॅटूच्या बाहेर पसरते आहे, मलम लावलं तेवढ्याच भागात आहे, की नेमक्या एकाच रंगात आहे? बहुतेक वेळा उत्तर या हद्दीतच सापडतं.

चूक: जखमेतून पाझरणारी लस पाहून ‘पू झाला’ म्हणणे

सुई शाई त्वचेत साधारण १ ते २ मिलिमीटर खोल सोडते. म्हणजे नवा टॅटू ही हजारो बारीक छिद्रांची ताजी जखमच असते. पहिले एक-दोन दिवस तिच्यातून पातळ, पारदर्शक किंवा फिकट पिवळसर लस येते आणि तिच्यात वरच्या थरातली जादा शाई मिसळलेली असते. टॅटूवर चिकटपट्टीसारखी पारदर्शक फिल्म लावली असेल, तर तिच्याखाली काळपट पाण्याचा फुगाच तयार होतो. दिसायला भयंकर, पण पहिल्या दिवसापुरता तो नेहमीचाच प्रकार आहे. पाणी कडेने बाहेर झिरपू लागलं तर मात्र फिल्म काढून टाकावी, कारण जिथून पाणी बाहेर येतं तिथून जंतू आत जाऊ शकतात.

पू वेगळा दिसतो. तो दाट असतो, आरपार दिसत नाही, पिवळा किंवा हिरवट असतो आणि बऱ्याचदा त्याला वास येतो. त्याहून महत्त्वाची खूण वेळेची आहे. लस पहिल्या दोन-तीन दिवसांत आटते. एकदा कोरडा पडलेला टॅटू चौथ्या-पाचव्या दिवशी पुन्हा पाझरू लागला, तर ती भरण्याची लक्षणं नव्हेत.

सूज दुसऱ्या दिवसापर्यंत वाढली तरी घाबरू नये. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून ती उतरायला हवी. घोट्यावर आणि पावलावर ती जरा जास्त रेंगाळते, पाय उंच ठेवला की कमी होते. पहिल्या आठवड्याच्या शेवटी रंगीत पोपडे निघतात, मग खाज सुटते, आणि दोन-तीन आठवड्यांत वरची त्वचा मिटते. रेषा किंचित वर आलेल्या, त्वचा चकचकीत, हे पुढेही महिनाभर राहू शकतं. एकेका दिवसाचं दिसणं फारसं काही सांगत नाही. कालच्यापेक्षा आज थोडं कमी आहे ना, एवढं पाहावं.

या काळात स्पिरिट किंवा हायड्रोजन पेरॉक्साइडने जखम ‘चांगली साफ’ करणारे भेटतात. त्याने जंतूंबरोबर नवी कोवळी त्वचाही मरते. स्वच्छ हात, कोमट पाणी, बिनवासाचा सौम्य साबण, टिपून कोरडं करणं आणि क्रीमचा पातळ हात, इतकं पुरतं.

चूक: लाली दिसली की आणखी मलम

लाली आणि बारीक खाजऱ्या पुटकुळ्या टॅटूच्या बाहेरही आहेत, पण बरोबर तिथपर्यंतच, जिथपर्यंत मलम चोळलं होतं. हा संसर्ग नसून बहुतेकदा मलमाचीच ॲलर्जी असते. निओमायसिन आणि बॅसिट्रॅसिन ही जखमेच्या मलमांतली दोन औषधं याबाबत चांगलीच बदनाम आहेत. फिल्मच्या चिकटद्रव्याची ॲलर्जी तर ओळखायला त्याहून सोपी: लालीला चक्क सरळ कडा आणि कोपरे असतात. दोन्हींवर पहिला उपाय म्हणजे ती वस्तू थांबवणं. नाहीतर लाली वाढते म्हणून मलम वाढतं आणि मलम वाढतं म्हणून लाली.

चूक: खऱ्या संसर्गाला वेळ देत बसणे

त्वचेवरच्या नेहमीच्या जंतूंचा संसर्ग साधारण पहिल्या दोन आठवड्यांत डोकं वर काढतो. उतरत आलेलं दुखणं पुन्हा वाढतं, ठणका लागतो, भाग गरम लागतो. लाली डिझाइनची किंवा मलमाची हद्द न मानता सरळ पुढे सरकते. खात्री करायची साधी रीत म्हणजे लालीच्या कडेने पेनने रेघ ओढून शेजारी वेळ लिहून ठेवणं. काही तासांत लाली रेघेपलीकडे गेली, तर वाट पाहण्यात अर्थ नाही. ताप, हुडहुडी, टॅटूपासून काखेकडे किंवा जांघेकडे जाणारी लाल रेघ, तिथे आलेलं अवधाण, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या दोन-चार गोळ्या खाऊन मग जाऊ नये. पुवाची तपासणी करायची वेळ आली, तर अर्धवट औषधामुळे जंतू सापडत नाही.

वरची त्वचा मिटेपर्यंत तलाव, नदी, समुद्र वर्ज्य. यकृताचा आजार असलेल्यांनी हे फार गंभीरपणे घ्यावं. टॅटूनंतर पाच दिवसांनी मेक्सिकोच्या आखातात पोहलेल्या अशाच एका तरुणाला व्हिब्रिओ व्हल्निफिकस या समुद्री जंतूचा संसर्ग होऊन त्याचा मृत्यू झाल्याची नोंद २०१७ साली प्रसिद्ध झाली होती.

चूक: एकच रंग फुगला तरी अँटिबायोटिक लावत राहणे

सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून एक नमुना नीट पाहू. मनगटाच्या वर केलेला टॅटू आहे: काळ्या रेषा, राखाडी छटेची पानं, लाल फूल. तीन आठवड्यांत सगळं छान भरलं. सातव्या आठवड्यात लाल पाकळ्यांना खाज सुटली. आठव्यात त्या इतक्या वर आल्या, की डोळे मिटून बोट फिरवलं तरी पाकळीची कड कळावी. वर थोडे पोपडे आहेत. पू नाही, ताप नाही, दुखणंही फारसं नाही. काळ्या रेषा आणि पानं सपाट आहेत. टॅटूवाल्याची सुई घाण होती असं समजून दहा दिवस अँटिबायोटिक मलम लावलं, फरक शून्य.

सुई घाण असती तर तिने फक्त लाल रंग कसा निवडला असता? इथे त्रासाची हद्द हीच रंगाची हद्द आहे आणि तो भरून झाल्यावर सुरू झाला आहे. ही लाल रंगाची ॲलर्जी असण्याची शक्यता सर्वाधिक. टॅटूच्या रंगांत लाल यासाठी कुप्रसिद्धच आहे. पूर्वी त्यात पाऱ्याचं संयुग असायचं, आता बहुधा ॲझो जातीची कृत्रिम रंगद्रव्यं असतात, तरी लालचा त्रास संपलेला नाही. रक्तातल्या टी पेशी, म्हणजे रोगप्रतिकार करणाऱ्या पेशी, या रंगाला किंवा त्वचेत त्याचं विघटन होऊन जे बनतं त्याला हळूहळू शत्रू मानू लागतात. याला आठवडे लागतात, कधी वर्षंही. त्यामुळे ‘इतकी वर्षं काही झालं नाही, मग आताच कसं’ हा प्रश्न इथे लागू पडत नाही. आधी पाठीवर पट्टी लावून केलेली ॲलर्जी चाचणीही पुष्कळदा निर्दोष येते, तेव्हा तिच्यावर विसंबून राहू नये.

त्वचारोगतज्ज्ञ अशा वेळी तीव्र स्टेरॉइड मलम देतात, फुगीर भागात स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात, शंका असेल तर छोटा तुकडा काढून बायॉप्सी करतात. ॲलर्जीच्या नेहमीच्या गोळीने खाज थोडी कमी होईल, फुगवटा सहसा उतरत नाही. कशानेच दाद दिली नाही तर रंग असलेला थर शस्त्रक्रियेने खरवडून काढावा लागतो. आणि पुढचा टॅटू लाल नको. दुसऱ्या कंपनीचा लाल वापरू, हा तोडगा भरवशाचा नाही.

इतर रंगही अगदी निर्दोष नाहीत. जुन्या पिवळ्यातलं कॅडमियम सल्फाइड उन्हात गेलं की सुजवतं. क्रोमियमचा हिरवा आणि कोबाल्टचा निळा यांच्याही ॲलर्जीच्या नोंदी आहेत. पण उकाड्यात किंवा उन्हात रेषा तासाभरासाठी वर येऊन पुन्हा बसत असतील, तर ती ॲलर्जी मानायची घाई नको. भरलेल्या टॅटूत हे बऱ्याच जणांना होतं. कीलॉइडचा व्रण आणखी वेगळा असतो: तो कडक, गुळगुळीत असतो आणि महिनोन्महिने वाढत मूळ रेषेच्या बाहेर पसरतो.

चूक: राखाडी भागातल्या पुटकुळ्यांना ॲलर्जी समजणे

आता या हद्दीच्या नियमाला असलेला एक महत्त्वाचा अपवाद. जंतू सुईत नसून शाईच्या बाटलीत असतील, तर संसर्गही एकाच रंगापुरता राहतो. २०११-१२ मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टर इथे एकाच ठिकाणी टॅटू केलेल्या १९ जणांना असा संसर्ग झाला. आधीच पातळ करून विकलेल्या राखाडी शाईत मायकोबॅक्टेरियम केलोनी हा जंतू होता. तो पाण्यात राहतो, म्हणूनच निर्जंतुक नसलेल्या पाण्याने शाई पातळ करणं धोक्याचं असतं.

फरक असा कळतो: ॲलर्जीत रंगाचा सलग भाग फुगतो आणि बहुधा उशिरा फुगतो. इथे टॅटूनंतर एक ते तीन आठवड्यांत राखाडी छटेत सुट्या लालसर पुटकुळ्या येतात, कधी त्यांत पू असतो, आणि नेहमीच्या अँटिबायोटिकने त्या हटत नाहीत. स्टेरॉइड मलम लावलं तर खाज कमी झाल्यासारखी वाटते आणि आत जंतूंचं फावतं. बायॉप्सी आणि जंतू वाढवून पाहणारं खास कल्चर करूनच निदान होतं, मग क्लॅरिथ्रोमायसिनसारखं औषध काही महिने घ्यावं लागतं.

जुन्या काळ्या टॅटूत गाठी आल्या आणि सोबत खोकला, दम किंवा डोळ्यांची लाली असेल, तर डॉक्टरांना दोन्ही गोष्टी एकदम सांगाव्यात. फुप्फुसांसारख्या आतल्या अवयवांतही दाहाच्या गाठी करणारा सार्कॉइडोसिस हा आजार कधीकधी असा टॅटूतून दिसतो.

चूक: फुगलेला रंग थेट लेसरने काढायला जाणे

लेसर रंग नाहीसा करत नाही, त्याचे बारीक कण करून शरीरात सोडतो. ज्या रंगाशी शरीराचं आधीच वैर आहे तो असा सुटा झाल्यावर अंगभर गांधी उठल्याच्या, क्वचित तीव्र ॲलर्जीच्या नोंदी आहेत. त्यामुळे लेसरवाल्याला ॲलर्जीचा इतिहास आधी सांगावा आणि त्वचारोगतज्ज्ञांच्या सल्ल्याशिवाय खुर्चीत बसू नये. टॅटूनंतर किंवा लेसरनंतर ओठ-चेहरा सुजला, श्वास अडकू लागला, तर मात्र थेट तातडीच्या विभागात जावं.

डॉक्टरांकडे जाताना शाईच्या कंपनीचं नाव आणि बाटलीवरचा बॅच क्रमांक टॅटूवाल्याकडून घ्यावा, त्याच बाटलीतून केलेल्या आणखी कुणाला त्रास आहे का हे विचारावं, आणि पहिल्या दिवसापासूनचे दिवसाच्या उजेडात काढलेले फोटो दाखवावेत. तपासणीच्या आदल्या दिवसापासून टॅटूवर काहीही लावू नये, म्हणजे खरी हद्द दिसते.